विळीवरून सुरीवर येताना: गोव्यातल्या किचनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी चिरण्याचे पहिले धडे

सीझनच्या आधी पेडणे, सत्तरी, डिचोली, सावंतवाडी, दोडामार्ग अशा भागांतून अनेक मुलं-मुली किनारपट्टीवरच्या हॉटेलांत आणि शॅकमध्ये किचनच्या कामाला येतात. त्यांतल्या बहुतेकांना भाजी चिरता येत असते, पण विळीवर, म्हणजे घरच्या आदोळीवर. सुरी आणि बोर्ड समोर आले की तोच सराईत हात अडखळतो, आणि पहिल्या आठवड्यातच बोटाला पट्टी लागते.

कारण सरळ आहे. विळीत पातं जागेवर असतं आणि दोन्ही हातांनी धरलेली भाजी आपण पात्याकडे सरकवतो. सुरीत भाजी जागेवर राहते, पातं हलतं. विळीची सवय लागलेला डावा हात सुरीसमोरही भाजी पुढे ढकलत राहतो, म्हणजे बोटं आपणहून पात्याखाली जातात. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू ही एक सवय मोडणं हाच आहे. डाव्या हाताने भाजी पुढे सरकवायची नाही, बोटं मागे घ्यायची.

इथे तीनच काप घेतले आहेत: डाइस म्हणजे चौकोनी तुकडे, ज्युलियन म्हणजे काडीसारखे लांब काप, आणि बारीक चिरणं. ते एक गाजर, एक कांदा आणि एक जुडी कोथिंबीर यांवर करून बघू. हे तीन हातात बसले की किचनमधले बाकीचे बरेच काप यांच्याच मापात फरक करून होतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याला धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी हात उलट समजावेत.

## काय काय लागेल

- शेफ नाईफ, पातं ८ इंच म्हणजे सुमारे २० सेंमी. १० इंची सुरी शिकताना जड पडते, ६ इंची सुरी कोबीला आणि मोठ्या कांद्याला पुरत नाही.
- सोलण्यासाठी लहान सुरी किंवा पीलर.
- बोर्ड, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, निदान ४० × ३० सेंमी. काच, स्टील, ग्रॅनाइट यांवर चिरू नका, धार त्याच दिवशी जाते.
- दोन सुती फडकी, एक बोर्डाखाली आणि एक हात पुसायला.
- सुरीला रोज लावायची स्टीलची कांडी.
- सहा इंची साधी मोजपट्टी. पहिले पंधरा दिवस ही खिशात असू द्या.
- पुढचा भाग बंद असलेले, न घसरणारे बूट. चपला घालून सुरीचं काम करू नका. सुरी पडते तेव्हा टोक खाली येतं.
- कागदपत्रांत, खाद्यपदार्थ हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा होणारी वैद्यकीय तपासणी आणि तिचा दाखला. चांगलं किचन तो पहिल्याच दिवशी मागतं. तपासणीत हातावरच्या जखमा आणि त्वचेचे विकारही पाहतात, म्हणून हाताला जुनी जखम असेल तर आधीच सांगा.

मोठ्या हॉटेलांत बोर्डांना रंग ठरलेले असतात. साधारणपणे हिरवा भाजी-फळांना, निळा कच्च्या मासळीला, लाल कच्च्या मांसाला, पिवळा कच्च्या चिकनला. काही ठिकाणी यात थोडा फरक असतो, त्यामुळे भिंतीवरचा तक्ता वाचल्याशिवाय बोर्ड उचलू नका. इथे शिकायचं आहे ते सगळं हिरव्या बोर्डावरचं काम आहे.

## १. आधी बोर्ड पक्का बसवा

फडकं ओलं करा, घट्ट पिळा, घडी मोडून सपाट पसरा आणि त्यावर बोर्ड ठेवा. मग दोन्ही हातांनी बोर्ड पुढे-मागे हलवून बघा. जरासुद्धा सरकला तर फडकं कोरडं तरी आहे किंवा त्याची घडी जाड झाली आहे. सरकणाऱ्या बोर्डावर सुरीची दिशा तुमच्या हातात राहत नाही.

बोर्डाची उंची कंबरेपेक्षा थोडी वर असावी. टेबल बुटकं असेल तर पाठ वाकते, खांदा पुढे येतो आणि मनगटाने जोर लावावा लागतो. उभं राहताना पोट टेबलापासून वीतभर लांब ठेवा आणि उजवा पाय थोडा मागे घ्या, म्हणजे उजव्या कोपराला मागे-पुढे व्हायला जागा मिळते.

भाजीचं भांडं, चिरलेल्याचं भांडं आणि कचऱ्याचं भांडं अशी तीन भांडी सुरू करण्याआधीच लावा. बोर्डाच्या कडेला साली आणि देठ साचले की सुरी त्यांवर चढते आणि वाकडी उतरते.

## २. सुरी धरणं

नवखा माणूस सुरीची मूठ बॅटसारखी पाच बोटांनी आवळतो, किंवा तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवतो. दोन्ही पकडींत पातं डावी-उजवीकडे कलतं. तर्जनी वर ठेवली की जोर सगळा त्या एका बोटावर येतो आणि तासाभरात ते दुखायला लागतं.

योग्य पकड अशी:

पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे, मुठीच्या अगदी पुढे, पात्याच्या एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला तर्जनीची वळलेली कड अशी चिमूट धरा. चिमूट पात्याच्या धातूवर असली पाहिजे, मुठीवर नाही. उरलेली तीन बोटं मुठीभोवती सहज गुंडाळा. सुरी उचलून मनगट हलवा. पातं हाताबरोबर वळलं आणि मुठीत फिरलं नाही तर पकड बरोबर आहे.

किती घट्ट धरायचं? नखं पांढरी पडत असतील तर फार घट्ट. दुसऱ्याने पात्याच्या पाठीला हलकं ढकलल्यावर सुरी वळत असेल तर फार सैल. पहिले दोन-तीन दिवस तर्जनीच्या कडेला पात्याची पाठ घासून लाल होते, ते नैसर्गिक आहे. मात्र फोड येत असेल तर तुम्ही दाबताय, आणि दाबावं लागतंय याचा अर्थ बहुतेक वेळा धार गेलेली आहे.

## ३. डाव्या हाताचा पंजा

सुरीपेक्षा या हाताकडे जास्त लक्ष द्या, कारण कापला जातो तो हाच.

तळहात भाजीवर ठेवा आणि बोटांची टोकं आत, स्वतःकडे वळवा, इतकी की वरून बघताना नखं दिसू नयेत. मधलं बोट सगळ्यांत पुढे. तर्जनी आणि अनामिका त्याच्या जरा मागे. अंगठा आणि करंगळी सगळ्यांत मागे, भाजी दोन्ही बाजूंनी धरून. आता मधल्या बोटाचा पुढे आलेला सपाट भाग उभा राहतो. पात्याची बाजू त्या सपाट भागाला टेकवून ठेवायची, काप घेताना आणि काप संपल्यावरही.

पातं बोटाला टेकवायचं म्हटल्यावर नवखा घाबरतो आणि सुरी दूर नेतो. धोका दूर नेल्यावरच आहे. पातं बोटाला टेकलेलं असेल तर ते कुठे आहे हे न बघताही कळतं, आणि टोकं आत वळलेली असल्यामुळे धारेच्या वाटेत काही नसतं. फक्त एक नियम पाळा: पात्याची धार कधीही मधल्या बोटाच्या सांध्याच्या वर उचलायची नाही. जितकी भाजीची उंची, तितकंच उचलणं पुरतं.

कापाची जाडी ठरते ती याच हाताने. एक काप झाला की पंजा ३ मिमी मागे घ्या, सुरी त्याच्या पाठोपाठ येईल. पंजा ६ मिमी मागे घेतला तर काप ६ मिमीचा पडेल. भाजी जागची हलत नाही. विळीची सवय इथेच आड येते, कारण हात मागे जाण्याऐवजी भाजीच पुढे येते. पहिले दोन दिवस प्रत्येक कापानंतर थांबून बघा, भाजी आपल्या जागेवर आहे ना.

अंगठाही पुष्कळदा कापतो. बाकीची बोटं लक्षात राहतात आणि अंगठा हळूहळू बाहेर डोकावतो, विशेषतः तुकडा लहान होत आला की. शेवटचा दोन सेंमी तुकडा उरला की तो पाडून सपाट बाजूवर ठेवा आणि वेगळा चिरा. तेवढंही धरता येत नसेल तर सोडून द्या, स्टॉकच्या पातेल्यात टाका.

## ४. पात्याची चाल

सुरी सरळ खाली दाबली की भाजी चेंगरते. ती पुढे आणि खाली एकाच वेळी जायला हवी. टोमॅटो हे लगेच दाखवून देतो: दाबलात तर रस बाहेर येतो, पुढे सरकवलात तर साल फाटत नाही.

मिरची, कोथिंबीर, पातळ काप यांसाठी सुरीचं टोक बोर्डावर टेकलेलं राहू द्या आणि मूठ वर-खाली, किंचित पुढे-मागे न्या. उंच वस्तूंसाठी, म्हणजे अख्खा कांदा, गाजराचा ठोकळा, बटाटा, संपूर्ण पातं उचलून पुढे ढकलत खाली आणा. बोर्डावर 'टक टक' असा आपटल्याचा आवाज येत असेल तर तुम्ही तोडताय. नीट चिरताना आवाज हलका, घासल्यासारखा येतो.

वेगाकडे महिनाभर बघूच नका. सारखी मापं पडायला लागली की हात आपोआप भरभर चालतो; घाईने शिकलेला हात वाकडेच तुकडे पाडत राहतो.

## ५. गाजर: ठोकळा, मग ज्युलियन, मग डाइस

मापं आधी ठरवून घेऊ. ज्युलियन म्हणजे ३ मिमी जाड, ३ मिमी रुंद आणि सुमारे ५ सेंमी लांब. लहान डाइस ६ मिमीचा, मध्यम १२ मिमीचा, मोठा २० मिमीच्या आसपास. ज्युलियनच्या काड्या आडव्या ३ मिमीवर चिरल्या की त्याला किचनमध्ये ब्रुनॉइज म्हणतात. पुस्तकापुस्तकांत आणि हॉटेलाहॉटेलांत या मापांत मिलिमीटरभर इकडेतिकडे असतं. तुमच्या शेफचं माप विचारून घ्या आणि तेच धरा.

मापाचा एवढा आग्रह कशाला, तर उष्णता बाहेरून आत जाते. तुकड्याची जाडी दुप्पट झाली की मधोमध शिजायला लागणारा वेळ दुपटीहून बराच जास्त होतो. एकाच पातेल्यात ६ मिमीचे आणि १२ मिमीचे तुकडे पडले तर लहान गळून जातात तेव्हा मोठे कच्चे असतात, आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही. गोव्यातल्या लग्नकार्यांत आणि पार्ट्यांत असणारं रशियन सॅलड हे त्याचं सरळ उदाहरण. त्यात गाजर, फरसबी आणि बटाटा मटाराच्या दाण्याएवढे असतात, म्हणजे सगळं एका चमच्यात येतं आणि प्रत्येक भाजी सारखीच मऊ लागते.

आता गाजर घ्या, वरच्या टोकाला ३ सेंमी जाड. पीलरने सोला, दोन्ही टोकं काढा आणि ५ सेंमीचे तुकडे करा. साधारण तीन मिळतात. जाड तुकड्यावर काम करू, बारीक टोकाचा तुकडा बाजूला ठेवा.

पहिला काप सपाट बाजूसाठी. गोल वस्तू बोर्डावर लोळते, आणि लोळणाऱ्या वस्तूवर सुरी लावली की ती घसरून थेट बोटाकडे येते. म्हणून गाजराच्या एका बाजूने लांबीच्या दिशेत ३ ते ४ मिमी जाडीचा काप काढा. हा एकच काप लोळत्या गाजरावर घ्यावा लागतो, म्हणून तो सगळ्यांत सावकाश घ्या. मग सपाट बाजू खाली करा. गाजर आता हलणार नाही.

दुसरं काम ठोकळ्याचं. उरलेल्या तीन बाजूही तशाच सपाट करा. सुमारे २ सेंमी × २ सेंमी × ५ सेंमीचा ठोकळा मिळेल. यात तुकड्याचा साधारण चाळीस टक्के भाग बाजूला जातो. तो टाकायचा नाही: सूप, स्टॉक, किंवा बारीक चिरून कटलेटच्या सारणात. रोजच्या कामात आणि शॅकवर कोणी पूर्ण ठोकळा करत नाही. तळाची एक बाजू सपाट करतात, गोलाईचे काही तुकडे थोडे वेडेवाकडे चालवून घेतात. शिकताना मात्र ठोकळा कराच, कारण त्याशिवाय आपले काप सरळ पडतात की तिरके हे कळत नाही.

ज्युलियन. ठोकळा आडवा ठेवून लांबीच्या दिशेत ३ मिमीच्या पट्ट्या काढा. २ सेंमीत सहा येतात. दोन किंवा फार तर तीन पट्ट्या एकावर एक ठेवा. तीनच्या वर रचल्या की वरच्या सरकतात आणि खालच्या काड्या पाचरीसारख्या, एका टोकाला जाड, पडतात. रचलेल्या पट्ट्या पुन्हा ३ मिमीवर चिरा. एका ठोकळ्यातून सुमारे ३६ काड्या मिळतात. हक्का नूडल्ससाठी गाजर, कोबी, ढोबळी मिरची अशाच काड्यांत लागतात, कारण कढईत त्या दोन-तीन मिनिटांत व्हायच्या असतात.

डाइस. दुसरा ठोकळा घ्या. ६ मिमीच्या तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या तीन काड्या, अशा नऊ काड्या. त्या एका रांगेत जोडून ठेवा, टोकं सुरीच्या पात्याने ठोकून सारखी करा आणि आडवे ६ मिमीचे काप घ्या. प्रत्येक काडीतून आठ, म्हणजे सगळे मिळून सुमारे ७२ तुकडे.

तपासणी. मोजपट्टी इथे वापरायची. एकेक तुकडा मोजत बसू नका. ढिगातून न निवडता दहा तुकडे उचला आणि एकाला एक चिकटवून रांग लावा. ६ मिमीचा डाइस असेल तर रांग ६ सेंमीची व्हायला हवी. ज्युलियनच्या दहा काड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ३ सेंमी. अर्धा सेंमी इकडेतिकडे चालेल. रांग बरोबर येते पण तुकडे लहानमोठे दिसतात, असं झालं तर पंजा एकसारखा मागे जात नाही. तुकड्यांच्या बाजू तिरक्या दिसत असतील तर पातं एका बाजूला कलतंय, पकड तपासा. उजव्या हाताने चिरणाऱ्यांची सुरी बहुतेक वेळा तळाशी डावीकडे जाते.

## ६. कांद्याचा डाइस

कांद्याला ठोकळा करावा लागत नाही, कारण त्याच्या पाकळ्या म्हणजे आधीच सुटे थर. ते सगळे एकत्र धरून ठेवतो तो मुळाकडचा भाग. म्हणून मूळ शेवटपर्यंत कापायचं नाही. सुरुवातीलाच मूळ उडवलं की दुसऱ्या कापापासून पाकळ्या सरकायला लागतात आणि सगळा डाइस बिघडतो.

मुळाचे फक्त लोंबते तंतू काढा. शेंड्याकडचं टोक सेंमीभर कापा. कांदा त्या सपाट टोकावर उभा करा आणि मुळातून बरोबर मधोमध दोन भाग करा, म्हणजे दोन्ही अर्ध्यांना मुळाचा तुकडा राहील. मग साल काढा. साल अख्ख्या कांद्यापेक्षा अर्ध्याची लवकर निघते. सालीखालचा चामट पापुद्राही काढा, तो सुरीखाली निसटतो.

अर्धा कांदा सपाट बाजूवर, मूळ डावीकडे ठेवून:

अ) शेंड्याकडून मुळाकडे उभे काप घ्या, ६ मिमी अंतरावर, आणि मुळाच्या सेंमीभर अलीकडे थांबा. कडेचे काप सरळ खाली न घेता कांद्याच्या मध्याकडे थोडे झुकते घ्या.

आ) काही शेफ यानंतर बोर्डाला समांतर एक-दोन आडवे काप घ्यायला सांगतात. हा सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा काप, कारण पातं तळहाताकडे आडवं येतं. घ्यायचाच असेल तर तळहात कांद्यावर सपाट, बोटं वर उचललेली, सुरी सावकाश आणि धार किंचित खाली झुकलेली. अ मधले काप मध्याकडे झुकते घेतले असतील तर आडव्या कापाची फारशी गरज उरत नाही, आणि नवख्याने तो पहिले काही महिने टाळलेलाच बरा.

इ) आता पंजा धरा आणि उजवीकडून मुळाकडे ६ मिमीचे आडवे काप घेत या. तुकडे सुटे होऊन पडतील. मुळापाशी आल्यावर उरलेला भाग पाडा, बाजूचा गर चिरा आणि मूळ टाका.

डोळ्यांत पाणी येतं ते कांद्याच्या पेशी फुटल्यावर सुटणाऱ्या वायूमुळे. बोथट सुरी पेशी चेंगरते, म्हणून जास्त झोंबतं. धारदार सुरी आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. डोळे भरून आले तर सुरी खाली ठेवा आणि मगच पुसा, कांद्याच्या हाताने नव्हे. अंधुक दिसत असताना चिरत राहणं हे बोट कापण्याचं नेहमीचं कारण आहे.

## ७. बारीक चिरणं

रॉस ऑम्लेटचं ऑम्लेट तव्यावर एक-दोन मिनिटं असतं. त्यातला कांदा ६ मिमीचा असेल तर तो कच्चा राहतो आणि उलटताना ऑम्लेट तिथे फाटतं. म्हणून इथे कांदा २ ते ३ मिमीचा लागतो. पद्धत वरचीच, फक्त काप जवळ घ्या. आधी मोठा चिरून मग त्यावर सुरी चालवत बारीक करू नका. तसं केलं की कांद्याला पाणी सुटतं, आणि अर्ध्या तासाने भांड्याच्या तळाशी ते उग्र वासाचं पाणी साचलेलं दिसतं.

कोथिंबिरीचं उलट आहे, तिच्यावर सुरी फिरवावीच लागते, पण शक्य तितकी कमी. आधी ती कोरडी हवी. धुऊन झटका, फडक्यावर पसरा, हाताला ओल लागणार नाही इतकी सुकू द्या. ओली कोथिंबीर चिरली की गोळा होतो, बोर्ड हिरवा होतो आणि चव बोर्डावरच राहते. जाड देठ काढा, पानं आणि कोवळे देठ घट्ट जुडीत गोळा करा, पंजाखाली धरा आणि २ मिमीवर एकदाच चिरत जा. त्यानंतर डावा हात पात्याच्या पाठीवर, टोकाजवळ, बोटं सरळ ठेवून टेकवा. टोक बोर्डावर राहू द्या आणि मूठ वर-खाली करत सुरी पंख्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा. दोन फेऱ्या पुरतात. बोर्डावर हिरवं पाणी दिसलं की थांबा.

मिरचीसाठी: देठ काढा, उभी चिरा, तिखट कमी हवं असेल तर बियांसकट आतला पांढरा भाग सुरीच्या पाठीने खरवडा, साल खाली आणि आतली बाजू वर ठेवून काड्या करा, मग आडव्या चिरा. साल वर ठेवली तर धार तिच्यावरून घसरते. वीस-पंचवीस मिरच्या असतील तर हातमोजे घाला. तिखटपणा पाण्याने सुटत नाही. हाताला तेल चोळा आणि मग साबणाने धुवा.

चिरलेलं गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने ओढा. धारेने बोर्ड खरवडला की धार वळते.

## ८. धार

बोथट सुरी जास्त कापते, कारण ती भाजीत न शिरता घसरते आणि तुम्ही जोर वाढवलेला असतो. रोज काम सुरू करण्याआधी टोमॅटोवर नुसती सुरी ठेवून ओढा. वजनानेच साल उघडली तर ठीक. घसरली तर कांडी लावा: कांडीचं टोक बोर्डावर टेकवून ती उभी धरा, पातं कांडीशी सुमारे २० अंशांत ठेवा आणि वरून खाली ओढत आणा, प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा, आलटून पालटून. २० अंश डोळ्यांनी कळण्यासाठी पातं कांडीला काटकोनात धरा, त्याचं अर्ध करा, पुन्हा अर्ध करा आणि त्याहून जरासं कमी.

कांडी वळलेली धार सरळ करते, नवीन धार काढत नाही. कांडी लावूनही टोमॅटोची साल फुटत नसेल तर दगडाची वेळ आली आहे. ते काम पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून बघून मगच हाती घ्या, कारण चुकीच्या कोनात घासलेलं पातं पूर्ववत करायला पुष्कळ धातू घालवावा लागतो.

## ९. बोट कापलं तर

सुरी खाली ठेवा, बोर्डापासून बाजूला व्हा. वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, स्वच्छ कापडाने दाबा आणि हात छातीच्या वर धरा. दहा मिनिटं सलग दाबा; मध्ये मध्ये उघडून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. हळद, कॉफी पावडर असं काही भरू नका, डॉक्टरांना नंतर ते काढत बसावं लागतं. दहा मिनिटांनीही रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, बोट वाकत नाही किंवा टोक बधिर वाटतंय, तर थेट दवाखान्यात जा. रक्तस्राव मोठा असेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

बोर्डावरची भाजी फेकून द्या, रक्त दिसत नसलं तरी. बोर्ड आणि सुरी धुवा. कामावर परतताना जलरोधक पट्टी आणि वर हातमोजा, नाहीतर त्या दिवशी खाद्यपदार्थाला हात लावायचा नाही.

पडणारी सुरी झेलायची नाही. हात वर, पाय मागे, पडू द्या. सुरी घेऊन चालताना टोक खाली, धार मागे, हात अंगालगत, आणि कोणाच्या मागून जाताना मोठ्याने सांगा. देताना हातात देऊ नका, टेबलावर ठेवा, समोरचा उचलेल.

## १०. धुणं आणि ठेवणं

सुरी सिंकमध्ये कधीही सोडू नका. फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही आणि भांडी घासणाऱ्याचा हात कापतो. वापरल्यावर स्वतः धुवा, पाठीकडून धारेकडे फडकं नेत पुसा.

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात, लिंबू किंवा कोकमाचा आगळ लागून राहिला असेल तर आणखी लवकर. आंबट काहीही चिरलं की पुढच्या कामाला लागण्याआधी सुरी धुवा. साध्या लोखंडी पात्याची सुरी असेल तर रात्री पुसून त्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या किंवा कापडाच्या वेष्टनात गुंडाळून ठेवू नका, आत ओल धरते. प्लास्टिकचं म्यान चालेल, पण ते आतून कोरडं आहे का ते बघा. लाकडी बोर्ड धुतल्यावर भिंतीला टेकवून उभा ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा. आडवा ठेवलेला बोर्ड जून ते सप्टेंबर खालून काळा पडतो आणि वाकतो, आणि वाकलेला बोर्ड ओल्या फडक्यावरही डुलतो. तो मोजपट्टी उभी धरून बघा. मध्ये फट दिसली तर बदलून मागा.